फोन, पोलीस आणि खासगीपण: परभणीच्या कोर्टात पक्षकार विचारतात ते प्रश्न

मी परभणीच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. पूर्वी पक्षकार विचारायचे, "वकीलसाहेब, जामीन कधी होतो?" आता त्याआधी विचारतात, "माझा फोन टॅप होता का?" विचारणारे गुत्तेदार असतात, ग्रामसेवक असतात, कृषी सेवा केंद्राचे मालकही असतात. तीच उत्तरं पुन:पुन्हा द्यावी लागतात म्हणून ती एकदा लिहून काढली आहेत. हे सगळं फोनपुरतं आहे. कॅमेरे, आधार, ड्रोन यांचे वाद वेगळे आहेत, ते इथे ओढत नाही.

पोलिसांनी "तुझं सगळं आमच्याकडे आहे" असं म्हटलं. म्हणजे नेमकं काय असतं त्यांच्याकडे?

बहुतेक वेळा सीडीआर असतो. ठाण्यात हे वाक्य दबावासाठी वापरतात आणि समोरच्याला वाटतं की आपलं बोलणं ऐकलं गेलंय. म्हणून आधी तीन गोष्टी वेगळ्या करू.

पहिली गोष्ट सीडीआर. तुम्ही कुणाला, कधी, किती सेकंद फोन केला आणि त्या वेळी फोन कोणत्या टॉवरवर होता, याचा हा तक्ता. त्यात बोलणं नसतं. दुसरी गोष्ट टॅपिंग, म्हणजे बोलणं चालू असतानाच ते ऐकणं आणि रेकॉर्ड करणं. तिसरी गोष्ट तुमचा हँडसेट जप्त करून त्यातले फोटो, मेसेज, व्हॉट्सअ‍ॅप पाहणं. तिन्हींचा कायदा वेगळा आहे आणि तुम्हाला मिळणारं संरक्षणही सारखं नाही. सगळ्यात भक्कम कुंपण टॅपिंगला आहे आणि सगळ्यात विरळ सीडीआरला. माझ्या मते हे थोडं उलटंच झालंय, पण त्याकडे पुढे येतो.

खासगीपण मूलभूत हक्क आहे म्हणतात. मग सरकारला ऐकताच कसं येतं?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपण हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधला हक्क आहे. याचिका के. एस. पुट्टस्वामी या निवृत्त न्यायमूर्तींची होती. त्याआधी १९५४ चा आठ न्यायमूर्तींचा आणि १९६२ चा सहा न्यायमूर्तींचा निकाल "असा हक्क संविधानात नाही" म्हणून सरकारी वकील दाखवायचे. ते मुद्दे त्या दिवशी मोडीत निघाले.

पण त्याच निकालात हक्काला मर्यादाही आहे. सरकारला आत शिरायचं असेल तर त्यासाठी कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि घेतलेलं पाऊल त्या हेतूच्या प्रमाणात हवं. उंदीर पकडायला सगळं घर खणून काढायचं नाही, इतकं साधं आहे ते. शिवाय अधिकाराचा दुरुपयोग होऊ नये म्हणून कार्यपद्धतीची बंधनं हवीत. आमचं कोर्टातलं बरंचसं काम या शेवटच्या अटीवर चालतं.

टॅपिंगचा आदेश कोण देतं? ठाण्याचे पीआय देऊ शकतात का?

नाही. एसपीही देऊ शकत नाहीत. राज्यात हा अधिकार गृह विभागाच्या सचिवांचा आहे, म्हणजे फाईल मुंबईला मंत्रालयात जाते. अगदी टाळता न येण्यासारखी परिस्थिती असेल तर सहसचिव दर्जाचा, रीतसर अधिकार दिलेला अधिकारी सही करू शकतो.

ही व्यवस्था सर्वोच्च न्यायालयाच्या १८ डिसेंबर १९९६ च्या निकालातून आली. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवरचा म्हणून त्याला पीयूसीएल निकाल म्हणतात. मूळ कलम १८८५ च्या तार कायद्यातलं होतं, आणि शंभर वर्षांहून जास्त काळ सरकारने त्याखाली कार्यपद्धतीचे नियमच केले नव्हते. कोर्टाने तात्पुरते नियम घालून दिले आणि पुढे तेच तार नियमावलीत ४१९-अ म्हणून आले. आता तार कायद्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आहे. टॅपिंगचा अधिकार त्याच्या कलम २०(२) मध्ये आहे आणि ६ डिसेंबर २०२४ रोजी त्याखालचे नवे नियम आले. तुमचं प्रकरण या तारखेच्या आधीचं की नंतरचं, हे पहिल्यांदा पाहा. सांगाडा तोच असला तरी कलमांचे आकडे वेगळे आहेत, आणि चुकीचा आकडा अर्जात पडला की समोरचा वकील तिथेच धरतो.

आदेशात कारणं लेखी असली पाहिजेत. एक आदेश जास्तीत जास्त ६० दिवस चालतो. मुदत वाढवता येते, पण एकूण १८० दिवसांच्या पुढे नाही. आदेशाची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत आढावा समितीकडे जाते. राज्यात या समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव असतात, सोबत विधी विभागाचे सचिव आणि गृह सोडून दुसऱ्या विभागाचे एक सचिव. दोन महिन्यांतून एकदा तरी तिने बसायचं असतं. आदेश नियमात बसत नाही असं दिसलं तर समिती तो रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगू शकते.

एक पळवाट आहे, तीही माहीत असू द्या. दुर्गम भाग किंवा तातडीचं काम असेल तर आधी परवानगी न घेता टॅपिंग सुरू करता येतं. पण तो अधिकारी राज्यात पोलीस महानिरीक्षक दर्जाच्या खालचा चालत नाही. त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत सचिवांना कळवायचं आणि सात कामकाजाच्या दिवसांत मंजुरी मिळवायची. मंजुरी आली नाही तर टॅपिंग थांबतं, आणि नव्या नियमांनुसार तोवर ऐकलेलं काहीही कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही.

न्यायाधीशाची सही यात कुठेच नाही, हे लक्षात आलं असेल. सरकारच आदेश देतं आणि सरकारचेच तीन सचिव तो तपासतात. घराची झडती घ्यायची तर दंडाधिकाऱ्याकडे जायची रीत तरी आहे, कान लावायला तेवढंही नाही. पीयूसीएलमध्ये न्यायालयीन मंजुरीची मागणी झाली होती. कोर्टाने सांगितलं की कायद्यात तशी तरतूद नाही, आम्ही ती घालू शकत नाही. तीस वर्षं होत आली, संसदेनेही घातलेली नाही.

लाचेच्या प्रकरणात फोन टॅप करता येतो का?

हा खरा कळीचा प्रश्न आहे, म्हणून सावकाश सांगतो.

कलमाला दोन दरवाजे आहेत. पहिला: सार्वजनिक आणीबाणी असली पाहिजे किंवा सार्वजनिक सुरक्षेचं हित असलं पाहिजे. तो उघडला तरच दुसरा: देशाची सार्वभौमता, राज्याची सुरक्षा, परकीय राष्ट्रांशी संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याला चिथावणी रोखणं, यांपैकी एक कारण. "गुन्हा घडतोय, तपास करायचाय" हे कारण एकट्याने पुरत नाही. पीयूसीएलमध्ये सार्वजनिक सुरक्षेचा अर्थ सांगितलाय: सर्वसामान्य लोकांना धोका नसण्याची स्थिती. शिवाय ही परिस्थिती फायलीत दडलेली नसावी, कुणाही शहाण्या माणसाला ती बाहेरून दिसली पाहिजे.

मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी विनीत कुमार विरुद्ध सीबीआय या प्रकरणात हेच लावलं. एका उद्योजकाने बँकेच्या अधिकाऱ्याला कर्जाच्या कामासाठी १० लाखांची लाच दिल्याचा आरोप होता. २००९-१० मध्ये टॅपिंगचे तीन आदेश झाले होते. कोर्टाने विचारलं की यात लोकांच्या सुरक्षेला धोका कुठे आहे? उत्तर मिळालं नाही. तिन्ही आदेश रद्द झाले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. हा आपल्याच उच्च न्यायालयाचा निकाल असल्याने संभाजीनगरच्या खंडपीठातही तो आधी दाखवतात.

मद्रास उच्च न्यायालयाने २ जुलै २०२५ रोजी ५० लाखांच्या लाचेच्या प्रकरणात तीच वाट धरली. पण त्याच्या आठवडाभर आधी, २६ जूनला, दिल्ली उच्च न्यायालय दुसरीकडे गेलं होतं. तिथे कामच दोन हजार कोटींच्या पुढचं होतं. भ्रष्टाचार एवढा मोठा असेल तर त्याचा अर्थव्यवस्थेवरचा परिणाम सार्वजनिक सुरक्षेत मोडतो, असं त्या कोर्टाने म्हटलं. म्हणजे किती कोटींच्या पुढे लाच सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न बनते? मला हा निकष पटत नाही. रक्कम मोठी झाली म्हणून धोक्याची जात बदलत नाही. पण कुणी विचारलं तर दोन्ही बाजू सांगायला हव्यात.

एखादं उदाहरण घेऊन सांगा ना.

घेऊ. हे उदाहरण मी समजावण्यापुरतं रचलंय, कुणी आपल्यावर घेऊ नये.

जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा उपविभागातला एक शाखा अभियंता. नळयोजनेचं बिल काढायला तो गुत्तेदाराकडे दोन टक्के मागतो, असा संशय. १० जानेवारी २०२५ रोजी गृह विभागातून त्याचा फोन टॅप करण्याचा आदेश निघतो. मार्चच्या शेवटी गुन्हा दाखल होतो आणि दोषारोपपत्रासोबत आरोपीला चार संभाषणांचा उतारा मिळतो: ३ फेब्रुवारी, २७ फेब्रुवारी, १४ मार्च आणि १९ मार्च. सगळ्यात घातक १४ मार्चचं आहे. धुळवडीची सुट्टी होती, दोघे मोकळेपणी बोलले आणि रकमेचा आकडा तोंडातून गेला.

मी उतारा वाचायच्या आधी कागदावर तारखा मांडतो. १० जानेवारीपासून ६० दिवस मोजा. जानेवारीचे २२, फेब्रुवारीचे २८, मार्चचे १०. पहिल्या आदेशाचा शेवटचा दिवस १० मार्च. दुसऱ्या आदेशावर तारीख आहे १७ मार्च. मग ११ ते १६ मार्च ऐकण्याचा अधिकार कुणाला होता? कुणालाच नाही. १४ तारखेचं संभाषण नेमकं त्या खड्ड्यात पडतं. दुसरा आदेश मागच्या तारखेपासून लागू होत नाही.

मग प्रत कुठे गेली ते पाहायचं. १० जानेवारीला शुक्रवार होता, म्हणजे सात कामकाजाचे दिवस २१ तारखेला संपतात. तोवर प्रत आढावा समितीकडे पोहोचली का, समिती त्यावर बसली का, हे कागदावर यायला हवं. दोषारोपपत्रात हे कागद बहुधा नसतात, अर्ज करून मागवावे लागतात. विनीत कुमार प्रकरणातही आदेश समितीपुढे ठेवले गेले नव्हते, हा एक मुद्दा होता.

आणि शेवटी आदेशाची भाषा. "सार्वजनिक सुरक्षेच्या हितासाठी आवश्यक असल्याची खात्री झाल्याने" एवढंच छापील वाक्य असेल आणि खाली फक्त नंबर भरलेला असेल, तर त्याला कारण म्हणत नाहीत. कायद्याचीच ओळ उतरवून काढणं म्हणजे परीक्षेत प्रश्न पुन्हा लिहून मार्क मागणं.

या अभियंत्याने खंडपीठात रिट याचिका करून आदेशांनाच आव्हान द्यावं, असं मी सांगेन. १४ मार्चचा मुद्दा तारखेवर उभा आहे, तो सगळ्यात मजबूत. बाकीची तीन संभाषणं आदेशाच्या मुदतीत आहेत, तिथे "लाच म्हणजे सार्वजनिक सुरक्षा नव्हे" यावर भांडावं लागेल.

तक्रारदाराने स्वतःच बोलणं रेकॉर्ड केलं तर? तेही टॅपिंगच ना?

नाही, आणि इथे खूप जण फसतात. लाचलुचपत विभागाचा सापळा बहुतेकदा असाच लागतो. तक्रारदार आधी तक्रार देतो. मग पडताळणीसाठी त्याच्याजवळ व्हॉइस रेकॉर्डर देऊन पंचासोबत पाठवतात, मागणी रेकॉर्ड झाली की सापळा लागतो. इथे तिसऱ्याने कान लावलेला नाही. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाने ठेवलेली ती नोंद आहे. १९७२ च्या आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फोनवर बोलणाऱ्या एकाची संमती असेल तर ते रेकॉर्डिंग चालतं. वरच्या उदाहरणातला गुत्तेदार स्वतः तक्रार घेऊन गेला असता तर ६० दिवसांचा हिशेब कामालाच आला नसता.

टॅपिंग बेकायदा ठरलं तर पुरावा आपोआप बाद होतो का?

आपोआप नाही. आपल्याकडे जुना नियम असा की पुरावा कसा मिळवला यापेक्षा तो विषयाशी लागू आहे का, हे पाहायचं. संसदेवरच्या हल्ल्याच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की टॅपिंगचे नियम पाळले नाहीत एवढ्यावरून पुरावा अग्राह्य होत नाही. आरोपीच्या वकिलाला हा निकाल दर तारखेला ऐकावा लागतो.

विनीत कुमारमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा सूर वेगळा होता. खासगीपण मूलभूत हक्क ठरल्यावर बेकायदा मिळवलेलं रेकॉर्डिंग चालू दिलं, तर अधिकारी नियम पाळायचे कशाला? म्हणून मी पक्षकाराला सांगतो की खटल्यात पुरावा अडवण्याची वाट बघू नका, आदेशालाच आधी उच्च न्यायालयात आव्हान द्या. आदेश रद्द होऊन रेकॉर्डिंग नष्ट करायचा हुकूम मिळाला तर ग्राह्यतेचा वाद उरतच नाही.

मोक्का लागला असेल तर?

नियम वेगळे. मोक्का, म्हणजे १९९९ चा महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, यात टॅपिंगची स्वतःची कलमं आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली होती, २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत उभी केली. तिथे संघटित गुन्ह्याचा तपास हेच कारण पुरतं. पण आदेशाची प्रत खटल्याच्या किमान दहा दिवस आधी आरोपीला मिळाली पाहिजे, ती मिळाली का ते बघा.

सीडीआर काढायला कुणाची परवानगी लागते?

इथे कुंपण विरळ आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ठाण्याचा प्रभारी अधिकारी कागदपत्रं आणि इलेक्ट्रॉनिक नोंदी मागवू शकतो. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१३ मध्ये सूचना दिल्यापासून सीडीआरची मागणी एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत जाते. पण ना गृह सचिव, ना आढावा समिती, ना ६० दिवसांची मुदत.

आणि त्यात काय नसतं ते विचारा. रोज रात्री अकराला कुणाला फोन जातो, दर सोमवारी संभाजीनगरच्या कोणत्या दवाखान्याजवळच्या टॉवरवर फोन असतो, कुणाशी अचानक बोलणं बंद झालं. सहा महिन्यांचा सीडीआर घेऊन बसलात तर त्या माणसाच्या घरातल्यांना माहीत नाही ते तुम्हाला कळतं. एका संभाषणाच्या रेकॉर्डिंगपेक्षा हे कितीतरी जास्त आहे. बोलणं ऐकायला मुंबईची सही लागते, आयुष्याचा नकाशा काढायला जिल्ह्यातली पुरते. पुट्टस्वामीच्या कसोटीवर हे टिकतं का, याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने अजून नीट केलेला नाही, असं माझं मत.

सीडीआरमध्ये टॉवर लोकेशन आलंय. म्हणजे मी तिथे होतो हे सिद्ध झालं?

नाही. फोन कोणत्या टॉवरला जोडला होता एवढंच सिद्ध होतं. परभणी शहरात टॉवर जवळजवळ असतात, तिथे अंदाज बराच बारीक लागतो. पण जिंतूरच्या डोंगराकडे किंवा पालमच्या बाजूला एकाच टॉवरच्या पट्ट्यात तीन-चार गावं आणि मधली सगळी शिवारं येतात. तुमचं शेत आणि घटनास्थळ दोन्ही त्याच पट्ट्यात असू शकतात. शिवाय जवळच्या टॉवरवर गर्दी असेल किंवा वीज गेली असेल तर फोन लांबच्या टॉवरला जातो. म्हणून कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला उलटतपासणीत मी दोनच गोष्टी विचारतो: त्या टॉवरची त्या दिशेची रेंज किती, आणि त्या रेंजमध्ये कोणती गावं येतात. बहुतेक वेळा तो "गावं सांगता येणार नाहीत" म्हणतो. ते उत्तर नोंदवून घ्यायचं.

सीडीआर माझ्या बाजूने असेल तर तो कसा मिळवायचा?

लवकर. परवान्याच्या अटींनुसार कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. त्यापुढे त्या राहतील असं धरू नका. आपल्याकडे खटला उभा राहायलाच दोन वर्षं जातात. म्हणून अटकेनंतर पहिल्या महिन्यातच कोर्टात अर्ज टाकून त्या काळाच्या नोंदी जपून ठेवण्याचा आदेश मागा. तपास अधिकारी घटनेच्या वेळी दुसरीकडेच होता असं तुमचं म्हणणं असेल तर त्याचाही सीडीआर मागता येतो. २०१४ मध्ये सुरेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याला परवानगी दिली, फक्त समोरच्यांचे नंबर काळे करून. अधिकाऱ्याच्या खबऱ्यांचंही खासगीपण असतंच.

आता जालन्याची गोष्ट. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. वाद होता उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत भरला की नंतर. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण, पण सीडीसोबत प्रमाणपत्र नव्हतं. औरंगाबाद खंडपीठातून निघालेलं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० रोजी ठरलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्यातलं प्रमाणपत्र लागतंच. त्याच निकालात फोन कंपन्यांसाठीही आदेश आहे: तपासात एखादा सीडीआर घेतला गेला की त्या काळाच्या नोंदी वेगळ्या आणि सुरक्षित ठेवा. जपणुकीच्या अर्जात ही ओळ घालायला विसरू नका. देशभरातले वकील "खोतकर जजमेंट" म्हणतात तेव्हा आम्हा मराठवाड्याच्या लोकांना उगीच बरं वाटतं.

आता हे प्रमाणपत्र भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) खाली दोन भागांत लागतं. पहिला भाग यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हींत हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश म्हणजे फाईलचा अंगठाच म्हणा. फाईलमध्ये एक अक्षर बदललं तरी तो बदलतो.

फोनमध्ये खरखर येते, आवाज घुमतो. टॅपिंग आहे का?

नाही हो. ते रेंजचं दुखणं आहे. कायदेशीर टॅपिंग कंपनीच्या यंत्रणेतून होतं, तुमच्या हँडसेटला त्याचा पत्ताही लागत नाही. बॅटरी तापली, लवकर उतरली, यावरूनही काही कळत नाही.

मग कळतं कसं? बहुतेकांना कधीच कळत नाही. टॅपिंग संपल्यावर संबंधित माणसाला कळवावं अशी तरतूद आपल्या कायद्यात नाही. गुन्हा दाखल होऊन रेकॉर्डिंग पुरावा म्हणून आलं तरच ते तुमच्यासमोर येतं. ज्याच्यावर काहीच निघालं नाही, तो निर्दोष माणूस आव्हान द्यायला कधी पोहोचतच नाही. नियमानुसार कामाच्या नसलेल्या नोंदी दर सहा महिन्यांनी नष्ट करायच्या असतात, त्याबरोबर मागही पुसला जातो. माहिती अधिकारात विचारलं तर सुरक्षेचं आणि तपासाचं कारण देऊन नकार येतो.

नवऱ्याने कुणाकडून तरी माझा सीडीआर विकत आणलाय.

सरळ गुन्हा आहे. ठाणे शहरात २०१८ मध्ये अशा बेकायदा विक्रीचं रॅकेट उघड झालं होतं आणि त्यात खासगी गुप्तहेरांना अटक झाली होती. दूरसंचार कायद्याच्या कलम ४२ खाली अशा चोरट्या प्रवेशाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घटस्फोटाच्या दाव्यात असा कागद जोडणाऱ्या पक्षकाराला मी आधी विचारतो, "हा आणला कुठून?"

नवा डेटा संरक्षण कायदा आलाय ना? त्याचा काही उपयोग?

पोलिसांविरुद्ध जवळजवळ नाही. २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. पण गुन्ह्याच्या तपासाला त्यात मोठी सूट आहे, आणि सरकारने अधिसूचित केलेल्या यंत्रणांना तर कलम १७ मधून पूर्णच बाहेर ठेवता येतं. दुकानदाराने तुमचा नंबर विकला तर कामाचा, ठाण्याने मागितला तर नाही.

फोन जप्त करताना पॅटर्न सांगायची सक्ती आहे का?

यावर कोर्टांची मतं जुळत नाहीत. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, हा अनुच्छेद २०(३) चा हक्क आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं की पासवर्ड देणं म्हणजे अशी साक्ष नव्हे. दिल्लीच्या एका विशेष सीबीआय कोर्टाने २०२२ मध्ये उलट सांगितलं: पासवर्ड डोक्यातला असतो, तो वदवून घेता येत नाही, पण बोटाचा ठसा घेता येतो. मी पक्षकाराला सांगतो, दमदाटी करू नका, खोटंही सांगू नका. "वकिलांशी बोलून सांगतो" म्हणा आणि तसं म्हटल्याचं पंचनाम्यात लिहून घ्या.

खरं लक्ष त्या पंचनाम्याकडे हवं. आयएमईआय नंबर लिहिलाय का? फोन चालू होता की बंद? सिम काढलं का, निदान फ्लाइट मोड टाकला का? पाकीट तुमच्यासमोर सील झालं का, आणि लाखेवर कुणाचा शिक्का? नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण झालं का? फोन नुसता टेबलावर राहिला, एखाद्या शिपायाने स्क्रीन सरकवत मेसेज वाचले, आणि सील दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झालं, तर मधल्या वेळात फोन उघडला गेल्याची खूण त्यातच मिळते. प्रयोगशाळेच्या अहवालात फाईल शेवटची कधी उघडली त्याची वेळ असते. ती वेळ आणि पंचनाम्याची वेळ शेजारी ठेवून पाहा.